गोड दाखला, चौथी ग्रेड

जर्मन कंपनीचा कामाचा दाखला हातात आला की त्यातले कौतुक आधी वाचू नका. एक छोटा शब्द शोधा: 'श्टेट्स', म्हणजे 'नेहमी'. मग 'समाधान' या शब्दाच्या मागे 'पूर्ण' आहे का ते पाहा. या दोन शब्दांवर ग्रेड ठरते. बाकीचे दीड पान नंतर वाचले तरी चालते.

हे आपल्या जिल्ह्यात सांगायची वेळ आली आहे. शेगाव, चिखली, बुलडाणा इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकलेली मुले पुण्यामार्गे जर्मनीला जात होतीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग, वीज, प्लंबिंग अशा कामांसाठी जाण्याची चर्चा तालुक्याच्या गावांतही सुरू झाली. जर्मन भाषेचे वर्ग निघाले, व्हिसाची माहिती देणारे भेटू लागले. पण तिथली नोकरी सोडताना जो कागद हातात पडतो, तो वाचायला कोणी शिकवत नाही. आणि तिथली दुसरी नोकरी बरीचशी त्याच कागदावर मिळते किंवा अडते.

आपल्याकडचा अनुभवाचा दाखला चार ओळींचा असतो. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली' असे लिहिलेले असते आणि ते वाचून कोणाच्या पोटात गोळा येत नाही. म्हणून जर्मन पत्रात 'आमच्या समाधानास उतरेल असे काम केले' हे वाक्य दिसले की घरचे खूश होतात. आईवडील ते पत्र नातेवाइकांना दाखवतात. ते वाक्य मुलाला चौथी ग्रेड देते. जर्मनीत एक सर्वांत वर आणि सहा सर्वांत खाली, म्हणजे चौथी ग्रेड ही कशीबशी पासची ग्रेड.

मूळ शिडी अशी. सर्वांत वरचे वाक्य आहे 'श्टेट्स त्सू उन्झरर फोल्स्टन त्सुफ्रीडनहाइट': नेहमीच आमच्या अगदी पूर्ण समाधानास उतरेल असे. ही पहिली ग्रेड. 'पूर्ण'चे 'सर्वांत पूर्ण' कसे होईल, म्हणून जर्मन भाषेचे जाणकार 'फोल्स्टन' या रूपावर नाक मुरडतात, पण दाखल्यात तेच चालते. त्याखाली 'श्टेट्स' आणि 'फोलन': नेहमीच पूर्ण समाधान, दुसरी ग्रेड. 'श्टेट्स' गळून नुसते 'फोलन' राहिले की तिसरी. 'पूर्ण'ही गेले आणि नुसते 'समाधान' उरले की चौथी. 'एकंदरीत पाहता समाधान' असे आले तर पाचवी. आणि 'त्यांनी प्रयत्न केला' हे वाक्य आले की सहावी, म्हणजे प्रयत्न केला पण जमले नाही.

या शिडीत कुठेही वाईट शब्द नाही. निंदेचे एक अक्षर नाही. एकेक शब्द काढत गेले की माणूस एकेक पायरी खाली येतो. आपल्या माणसाला हेच कळत नाही, कारण तो पत्रात टीका शोधतो आणि टीका सापडत नाही म्हणून निश्चिंत होतो. शोधायचे असते ते गहाळ झालेले.

असे का लिहितात, हे समजून घेतले तर राग कमी होतो आणि वाचन सुधारते. जर्मन कायद्यात, व्यवसाय संहितेच्या कलम १०९ मध्ये, नोकरी संपताना प्रत्येक कामगाराला लेखी दाखला मिळण्याचा हक्क आहे. साधा दाखला म्हणजे कामाचे स्वरूप आणि कालावधी. काम कसे केले आणि वागणे कसे होते हेही हवे असेल तर तसा 'क्वालिफित्सिअर्ट' दाखला मागावा लागतो. न मागता तो मिळेल असे धरून चालू नये. न्यायालयांनी त्याला दोन अटी घातल्या आहेत. तो खरा असला पाहिजे आणि तो सहृदय असला पाहिजे, माणसाची पुढची वाट विनाकारण अडवणारा नसला पाहिजे. आता आळशी माणसाबद्दल खरेही लिहायचे आणि सहृदयही लिहायचे, तर करणार काय? वाक्य गोड ठेवायचे आणि एक शब्द काढून घ्यायचा. ही भाषा त्या दोन अटींच्या कात्रीतून जन्मली आहे.

एक पत्र घेऊन पाहू. हे मी नमुन्यासाठी रचले आहे, पण यातले प्रत्येक वाक्य जर्मन दाखल्यांत सर्रास सापडते. समजा मेहकर तालुक्यातला एक यंत्र अभियंता. स्टुटगार्टजवळच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात तीन वर्षे काम करून तो ३१ मार्चला बाहेर पडला. पत्र असे:

'श्री. अमुक यांनी आमच्याकडे गुणवत्ता अभियंता म्हणून काम केले. त्यांच्या कामात मोजमापाच्या नोंदी ठेवणे, उपकरणांची तपासणी आणि पुरवठादारांच्या तक्रारी हाताळणे यांचा समावेश होता. त्यांना विषयाचे ठोस ज्ञान होते. सोपवलेली कामे त्यांनी आमच्या समाधानास उतरतील अशी पार पाडली. सहकारी आणि वरिष्ठ यांच्याशी त्यांचे वागणे निर्दोष होते. ते स्वतःच्या इच्छेने कंपनी सोडत आहेत. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

मेहकरात हे पत्र चौकट करून भिंतीवर लावतील. स्टुटगार्टमधला भरती अधिकारी ते अर्ध्या मिनिटात बाजूला ठेवील. आता त्याच्या नजरेने वाचा.

कामांच्या यादीत नोंदी ठेवणे पहिले आहे आणि पुरवठादारांच्या तक्रारी शेवटी. महत्त्वाचे काम आधी लिहायची रीत आहे. या माणसाचे खरे वजनदार काम पुरवठादारांशी बोलण्याचे होते. ते शेवटी ढकलले म्हणजे लिहिणाऱ्याने त्याला कारकुनी रांगेत बसवले. मुद्दाम केले असेल किंवा घाईत झाले असेल, वाचणाऱ्यावर परिणाम एकच.

'ठोस ज्ञान' हे ऐकायला भक्कम वाटते. पण वरच्या ग्रेडची पत्रे 'उत्कृष्ट' किंवा 'अतिशय सखोल' म्हणतात. विशेषणाच्या मागे 'अतिशय' नाही आणि वाक्यात 'नेहमी' नाही, म्हणजे मधली किंवा त्याखालची पायरी.

मग ते मुख्य वाक्य. 'समाधानास उतरतील अशी.' 'नेहमी' नाही, 'पूर्ण' नाही. चौथी ग्रेड. इथे भरती अधिकाऱ्याचा निम्मा निर्णय झालेला असतो.

वागण्याच्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. 'नेहमी' इथेही नाही. आणि 'सहकारी आणि वरिष्ठ' असा क्रम आहे. रीत वरिष्ठ आधी, मग सहकारी, मग ग्राहक अशी आहे. क्रम उलटला की वाचणारा समजतो, वरिष्ठांशी खटके उडाले होते. वरिष्ठांचा उल्लेखच नसेल तर संशय आणखी पक्का. आपल्या मुलाला हे कोणी सांगितलेले नसते. तो म्हणतो, सहकाऱ्यांशी पटायचे हे लिहिले, बरे झाले.

शेवटचे वाक्य सर्वांत उघडे बोलते. चांगल्या पत्राच्या शेवटी तीन गोष्टी असतात: त्यांच्या जाण्याचे आम्हाला दुःख आहे, त्यांच्या कामाबद्दल आभार, आणि त्यांना यापुढेही यश मिळो. 'यापुढेही' हा शब्द महत्त्वाचा, कारण आतापर्यंत यश मिळाले हे त्यात मान्य केलेले असते. आपल्या पत्रात दुःख नाही, आभार नाहीत, 'ही' नाही. उरल्या नुसत्या शुभेच्छा. चौथ्या ग्रेडच्या वाक्यावर असा शेवट आला की शंकेला जागा राहत नाही.

पण हा शेवट कोर्टात मागून मिळत नाही. एरफुर्टच्या संघीय कामगार न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले की आभार आणि शुभेच्छा या मालकाच्या मनातल्या भावना आहेत, त्या लिहायला कायदा भाग पाडू शकत नाही. २०२२ मध्ये तेच पुन्हा सांगितले. मात्र एकदा लिहिलेले आभार, कामगाराने इतर दुरुस्त्या मागितल्या म्हणून सूड म्हणून काढून टाकता येत नाहीत, असेही याच न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले. म्हणजे आभारांचे वाक्य बोलणी करून मिळवायचे, नोकरी सोडतानाच्या सौहार्दात. भांडण सुरू झाल्यावर मागितले तर उशीर झालेला असतो.

आता एक खटला नीट ऐका, कारण ज्यांना तिसरी ग्रेड मिळाली त्यांचे सगळे त्यात आहे. बर्लिनमधल्या एका दंतवैद्यकीय दवाखान्यात एक महिला स्वागतकक्ष आणि कार्यालयीन काम पाहत होती. जुलै २०१० ते जून २०११, एक वर्ष. दाखल्यात लिहिले: पूर्ण समाधान. तिचे म्हणणे, 'नेहमी' हवे. दुसरी ग्रेड हवी. खालच्या न्यायालयांनी तिची बाजू घेतली. त्यांच्यासमोर अशी पाहणी होती की तपासलेल्या दाखल्यांपैकी जवळपास ९० टक्क्यांत चांगली किंवा अतिशय चांगली ग्रेड असते. मग चांगली हीच आजची सर्वसाधारण ग्रेड झाली, आणि ती नाकारायची तर मालकाने कारण सिद्ध करावे, असा त्यांचा तर्क.

१८ नोव्हेंबर २०१४ रोजी संघीय कामगार न्यायालयाने तो तर्क फेटाळला. बाजारात किती लोकांना वरची ग्रेड मिळते याने मधली ग्रेड सरकत नाही. शिडीची मधली पायरी 'पूर्ण समाधान', म्हणजे तिसरी, तीच सर्वसाधारण. त्याहून वर हवे असेल तर आपण अपेक्षेपेक्षा जास्त काम केले हे कामगाराने सिद्ध करायचे. त्याहून खाली द्यायचे असेल तर काम कमी पडले हे मालकाने सिद्ध करायचे. त्या ९० टक्क्यांत केवळ दाक्षिण्याने दिलेले दाखलेही असू शकतात, आणि खरेपणाची अट पाळायची तर ते मोजपट्टी होऊ शकत नाहीत, हेही न्यायालयाने नोंदवले. प्रकरण पुन्हा खाली पाठवले: तिने खरोखर चांगले काम केले का, ते पुरावे पाहून ठरवा.

मेहकरच्या आपल्या मुलासाठी याचा अर्थ सरळ आहे. त्याला चौथी मिळाली आहे. तिसरीसाठी तो मालकाला म्हणू शकतो, तुम्ही सिद्ध करा की मी कमी पडलो. मालकाकडे लेखी समज, नोंदवलेल्या चुका, तक्रारी असे काही नसेल तर तिसरी ग्रेड त्याची. दुसरी हवी असेल तर ओझे त्याच्या खांद्यावर येते: वार्षिक मूल्यमापनाचे कागद, बोनसची पत्रे, ग्राहकाने केलेले कौतुक, वरिष्ठांचे ईमेल. हे कागद नोकरीत असतानाच जमवावे लागतात. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत केला की ईमेलही गेला. मात्र कंपनीची गोपनीय माहिती घरी नेऊ नका. स्वतःच्या मूल्यमापनाची प्रत मागून घ्या.

खरी शिडी ओळखली की दुसऱ्या टोकाची चूकही टाळायला हवी. या दाखल्यांबद्दल गुप्त खुणांच्या याद्या फिरतात. 'मिळूनमिसळून राहणारे' म्हणजे दारुडा. 'सहकाऱ्यांच्या भावनांची जाण असलेले' म्हणजे बायकांच्या मागे लागणारा. त्या याद्या वाचून आपली मुले रात्र रात्र जागतात. माझे मत स्पष्ट आहे: त्यांना घाबरू नका. कलम १०९ च्या दुसऱ्या उपकलमातच लिहिले आहे की शब्दांतून दिसतो त्याहून वेगळा अर्थ सुचवण्यासाठी केलेली वाक्यरचना किंवा खूण दाखल्यात चालणार नाही. एका कर्मचाऱ्याने हरकत घेतली होती. 'आम्ही त्यांना अत्यंत उत्साही म्हणून ओळखले' या वाक्यातल्या 'ओळखले' या क्रियापदाने उलटा अर्थ निघतो, असे त्याचे म्हणणे. संघीय कामगार न्यायालयाने २०११ मध्ये ते मानले नाही. समजूतदार वाचक जे समजेल तेच त्या वाक्याचे माप.

समाधानाची शिडी मात्र गुप्त मानली जात नाही. ती न्यायालयाच्या निकालांत छापलेली आहे, म्हणून ती चालते. खरोखरची छुपी खूण दिसली तर न्यायालये पाठीशी उभी राहतात. कीलच्या कामगार न्यायालयाने २०१३ मध्ये, मालकाने सहीत तोंड पाडलेला हसरा चेहरा काढला होता म्हणून, नव्याने सही करायला लावले. हामच्या राज्य कामगार न्यायालयाने २०१६ मध्ये तिरकी, वरून खाली उतरत जाणारी सहीही अमान्य केली. पत्राला घडी पडली म्हणून मात्र हक्क डावलला जात नाही. प्रत काढल्यावर घडीची रेघ दिसत नसेल तर घडी चालते.

न लिहिलेले हेही बोलते, हे नर्सिंगला जाणाऱ्या मुलींनी विशेष लक्षात ठेवावे. जर्मन वकील त्याला बोलके मौन म्हणतात. २००८ च्या एका निकालात प्रश्न असा होता की दैनिकाच्या संपादकाच्या दाखल्यात ताण सोसण्याच्या क्षमतेचा उल्लेख नाही, तो असायला हवा का. न्यायालयाचे म्हणणे, ज्या व्यवसायात ज्या गुणाचा उल्लेख करण्याची रीत आहे, तो गुण गाळला तर त्याचा वाईट अर्थ निघू शकतो आणि तो मागता येतो. रोखपालाच्या पत्रात प्रामाणिकपणा, नर्सच्या पत्रात रुग्णांशी वागणे. रुग्णालयातल्या नर्सच्या दाखल्यात डॉक्टर आणि सहकारी आहेत, रुग्ण नाहीत, तर तो दाखला परत करा आणि रुग्णांचे वाक्य मागा.

एक सापळा आणखी. बरेच वरिष्ठ म्हणतात, तूच मसुदा लिहून दे, मी सही करतो. आपला माणूस सुटकेचा श्वास सोडतो आणि मग दोनपैकी एक चूक करतो. संकोचाने 'समाधान' एवढेच लिहितो आणि स्वतःच्या हाताने चौथी ग्रेड घेतो. किंवा मुख्य वाक्य 'फोल्स्टन' लिहितो, पण वागण्याच्या वाक्यात 'नेहमी' विसरतो आणि शेवटी आभार विसरतो. अशा पत्राचे भाग एकमेकांशी जुळत नाहीत आणि अनुभवी वाचकाला ते लगेच खटकते. सगळी वाक्ये एकाच पायरीवर ठेवा. दुसरी ग्रेड असेल तर ज्ञान, वेग, वागणे, शेवट, सगळीकडे दुसरी. ते पत्र विश्वासार्ह असते.

इंग्रजी भाषांतरावरही विसंबू नका. जर्मन वाक्यातली पायरी भाषांतरात हमखास राहतेच असे नाही. पुण्यात परत येऊन नोकरी शोधणाऱ्याचे त्यावर भागते. जर्मनीतच पुढे राहायचे असेल तर मूळ जर्मन पत्रच वाचले जाते, आणि तेच नीट करून घ्यावे लागते.

आता काय करायचे ते सांगतो. तुमचा वरिष्ठ बदलणार असेल, विभाग बदलणार असेल, तर त्याच आठवड्यात मधला दाखला मागा. त्याला 'त्स्विशनत्सॉइग्निस' म्हणतात. नंतरच्या दाखल्यात कंपनीला ठोस कारणाशिवाय त्यापेक्षा खाली उतरता येत नाही. शेवटचा दाखला आल्यावर तो महिनाभर कपाटात ठेवू नका. अनेक नोकरीकरारांत दावे करायची मुदत तीन महिन्यांची असते, आणि ती उलटली तर हक्क हातचा जाऊ शकतो. दुरुस्ती तोंडी मागू नका. कोणते वाक्य कसे हवे ते लिहून पाठवा. कंपनी ऐकत नसेल तर कामगार न्यायालयात जाता येते. तिथे अर्ज नोंदवून घेणारा कक्ष असतो, पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही, आणि केलात तरी जिंका वा हरा, त्याचा खर्च स्वतःचा स्वतः सोसायचा असतो. कामगार संघटनेचे सदस्य असाल तर संघटना कायदेशीर मदत देते. म्हणून नोकरीच्या सुरुवातीलाच सदस्यत्व घ्या.

दुरुस्त केलेल्या दाखल्यावर मूळ दाखल्याचीच तारीख पडते. वाद झाला होता हे पुढच्या कंपनीला त्या कागदावरून कळत नाही. तेव्हा मेहकरचा असो वा मोताळ्याचा, चौथी ग्रेड घेऊन कोणी गप्प बसू नये.